मार्चिंग क्यूब्जच्या मेशमध्ये पुन्हापुन्हा पडणारी भोके : लक्षणांपासून कोष्टकापर्यंतची तपासणी

ही नोंद त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी त्रिमितीय ग्रिडमधील मूल्यांवरून मार्चिंग क्यूब्ज पद्धतीने पृष्ठभाग काढणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला आहे किंवा कुठून तरी मिळालेले कोष्टक आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवले आहे, आणि ज्यांच्या मेशमध्ये भोके पडत आहेत. हा दोष मी अनेकांच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्त केला आहे. दरवेळी कारण वेगळे निघाले, तरी कारणांची यादी मोठी नाही. उदाहरण म्हणून सीटी स्कॅनमधून कवटीच्या हाडाचा पृष्ठभाग काढण्याचे काम घेतो, कारण तिथे या यादीतील जवळजवळ सर्व कारणे भेटतात. हाडासाठी ३०० हाउन्सफिल्ड ही पातळी धरू. या मापपट्टीवर पाणी ० वर आणि हवा −१००० च्या आसपास असते.

## लक्षणे

आपले लक्षण नेमके कोणते, हे आधी ठरवावे, कारण त्यावरून बऱ्याच तपासण्या वाचतात.

- पृष्ठभाग जवळजवळ सगळीकडे नीट आहे, पण मधूनमधून जेमतेम एका घनाएवढी किंवा त्याहून लहान चौकोनी भोके विखुरलेली आहेत.
- मेश एका ठिकाणी सुरीने कापल्यासारखी सपाट उघडी आहे.
- डोळ्यांना भोक दिसत नाही, तरी थ्री-डी प्रिंटिंगचे सॉफ्टवेअर मेश बंद नसल्याची तक्रार करते.
- भोके एका दिशेने पाहिल्यास दिसतात आणि दुसऱ्या दिशेने पाहिल्यास नाहीशी होतात.
- सगळीकडेच त्रिकोणांच्या चिंधड्या आहेत, आकार ओळखूही येत नाही.
- भोक स्पष्ट दिसते, पण सॉफ्टवेअर मेश पूर्ण बंद असल्याचे सांगते.

पुढच्या तपासण्या समजण्यासाठी पद्धतीचा गाभा डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. ग्रिडमधील शेजारची आठ मूल्ये मिळून एक घन होतो. प्रत्येक कोपऱ्याचे मूल्य पातळीच्या खाली आहे की वर, यावरून एक बिट ठरतो, आणि आठ बिटांचा ० ते २५५ मधला एक क्रमांक तयार होतो. कोष्टक त्या क्रमांकासमोर सांगते की घनाच्या बारा कडांपैकी कोणत्या कडांवर शिरोबिंदू घ्यायचे आणि ते कोणत्या त्रिकोणांनी जोडायचे. कडेवर शिरोबिंदू नेमका कुठे बसतो, हे तिच्या दोन टोकांच्या मूल्यांमधील रेषीय अंतर्वेशनाने ठरते. प्रत्येक घन स्वतःपुरता विचार करतो, शेजाऱ्याला काहीही विचारत नाही. दोन शेजारी घनांनी त्यांच्या सामाईक पृष्ठावर एकच रेषा काढली पाहिजे, ही अपेक्षा कुठेही लिहिलेली नसते, आणि भोक पडते ते ती अपेक्षा मोडल्यावर.

## पहिली तपासणी : दृश्याचा दोष की मेशचा

चित्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाची मागची बाजू न रंगवण्याची सोय बहुधा चालू असते. ती बंद करून पाहावे. भोके नाहीशी झाली, तर मेश फाटलेली नाही, काही त्रिकोणांच्या शिरोबिंदूंचा क्रम उलटा आहे. सगळेच त्रिकोण उलटे असतील, तर तुमच्या प्रोग्रॅमचा आणि कोष्टकाचा बिट ठरवण्याचा संकेत परस्परविरुद्ध आहे. पॉल बर्क यांनी १९९४ मध्ये मांडलेले आणि आज सर्वत्र नकलले जाणारे कोष्टक, मूल्य पातळीपेक्षा कमी असेल तेव्हा बिट १ धरते. तुम्ही मूल्य जास्त असताना १ धरत असाल, तर एक तुलना बदलून काम संपते. मात्र काहीच त्रिकोण उलटे असतील, तर कोष्टकाच्या ओळी हाताने टंकताना क्रम बिघडलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि पाचव्या तपासणीकडे जावे.

## दुसरी तपासणी : उघड्या बाजू मोजणे

डोळ्यांवर विसंबून राहण्यापेक्षा मोजणी करावी. बंद मेशमध्ये त्रिकोणाची प्रत्येक बाजू बरोबर दोन त्रिकोणांत येते. जी एकाच त्रिकोणात येते, ती उघडी बाजू.

```python
from collections import Counter

def open_edges(faces):
    c = Counter()
    for a, b, d in faces:
        for p, q in ((a, b), (b, d), (d, a)):
            c[(min(p, q), max(p, q))] += 1
    return [e for e, n in c.items() if n == 1]
```

ही संख्या शून्य आली आणि तरीही पडद्यावर भोक दिसत असेल, तर पुढच्या तपासण्यांचा काही उपयोग नाही, कारण दोष कोष्टकात नसून मूल्यांत आहे. कवटीच्या कामात हे हमखास घडते. डोळ्याच्या खोबणीचा तळ इतका पातळ असतो की एका व्होक्सेलमध्ये थोडे हाड आणि बरेचसे मऊ ऊतक येते, त्यांची सरासरी ३०० च्या खाली उतरते, आणि पृष्ठभाग तिथे खरोखरच आरपार जातो. अशा भोकाला गुळगुळीत, पूर्ण बंद काठ असतो. तो पद्धतीने प्रामाणिकपणे काढलेला असतो. त्यावर उपाय पातळी खाली आणणे, अधिक बारीक काप मिळवणे किंवा भागवार वेगळी पातळी ठरवणे हाच, आणि तो निर्णय प्रतिमा वाचणाऱ्याने घ्यायचा असतो.

उघड्या बाजूंची संख्या त्रिकोणांच्या तिप्पट असेल, म्हणजे प्रत्येकच बाजू उघडी असेल, तर थेट चौथ्या तपासणीकडे जावे. संख्या लहान असेल, तर उघड्या बाजूंच्या टोकांचे निर्देशांक छापून पाहावेत. ते सगळे ० वर किंवा शेवटच्या निर्देशांकावर असतील, तर वस्तू ग्रिडच्या सीमेपर्यंत पोहोचली आहे. सीमेपलीकडे घनच नसल्याने पृष्ठभाग तिथे संपतो. कवटीचा स्कॅन मानेपाशी थांबलेला असतो, तिथे हे दिसणारच. ग्रिडभोवती हवेच्या मूल्याचा एक थर चढवला की पृष्ठभाग बंद होतो.

```python
vol = np.pad(vol, 1, constant_values=-1000)
```

यानंतर सर्व शिरोबिंदूंमधून एका व्होक्सेलचे अंतर वजा करण्यास विसरू नये, अन्यथा मेश स्कॅनशी जुळणार नाही. ग्रिड चिन्हरहित पूर्णांकांत साठवलेला असेल, तर −१००० त्यात मावत नाही. त्यामुळे आधी प्रकार बदलावा.

## तिसरी तपासणी : मूल्ये आणि पातळी

ही तपासणी एका ओळीची आहे, आणि तिने सुटणारी प्रकरणे लोकांना वाटतात त्यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

सीटीची मूल्ये पूर्णांक असतात. पातळीही ३०० हा पूर्णांक ठेवली, तर अनेक कोपऱ्यांचे मूल्य पातळीशी तंतोतंत जुळते. अशा कोपऱ्यापाशी अंतर्वेशन शिरोबिंदूला थेट कोपऱ्यावर नेऊन बसवते, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या अनेक कडांचे शिरोबिंदू एकाच जागी येतात, आणि क्षेत्रफळ शून्य असलेले त्रिकोण तयार होतात. इथवर मेश फाटत नाही. ती फाटते ती पुढच्या सफाईत. शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण नुसते काढून टाकले आणि त्यांचे एकत्र आलेले शिरोबिंदू एकरूप केले नाहीत, तर त्यांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी एकमेकांना पारखे होतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोजणीत उघड्या बाजू येतात. दुसरा प्रकार असा, की बिट ठरवताना `<` वापरलेले असते आणि कडेवर शिरोबिंदू घ्यायचा की नाही हे दुसरीकडे `<=` ने ठरवलेले असते. समान मूल्य भेटताच दोन्ही निर्णय विसंगत होतात.

पूर्णांक मूल्यांसाठी पातळी ३०० ऐवजी ३००.५ ठेवावी. पूर्णांकांच्या ग्रिडमध्ये ३००.५ कुणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून समानतेचा प्रश्नच उरत नाही, आणि अर्ध्या हाउन्सफिल्डने हाडाचा आकार बदलत नाही. एवढ्यानेच उघड्या बाजू शून्यावर आल्या, तर वर सांगितलेली सफाई किंवा तुलना शोधून ती दुरुस्त करावी, कारण पुढचा ग्रिड अपूर्णांकांचा असू शकतो आणि तिथे ही युक्ती हमी देत नाही.

याच वेळी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. ग्रिडमध्ये कुठे NaN आहे का, हे `np.isnan(vol).any()` सांगते. NaN शी केलेली प्रत्येक लहान-मोठी तुलना असत्य ठरते, त्यामुळे कोपऱ्याला बिट तर मिळतो, पण अंतर्वेशनातून येणारा शिरोबिंदू NaN असतो, आणि त्याला जोडलेले त्रिकोण पडद्यावर येतच नाहीत. दुसरी गोष्ट संख्यांच्या प्रकाराची. मूल्ये `uint8` अॅरेमध्ये असतील आणि वजाबाकी त्याच प्रकारात होत असेल, तर ४० − २०० चे उत्तर −१६० न येता ९६ येते. पातळी १०० असेल, तर त्याच न्यायाने १०० − २०० चे उत्तर १५६ येते, आणि ०.६२५ यायला हवे तिथे अंतर्वेशनाचा गुणांक १.६२५ निघतो. शिरोबिंदू कडेच्या बाहेर उडी मारतो आणि पृष्ठभागावर काटे उगवतात. गुणांक ० ते १ च्या बाहेर गेला की थांबणारी एक अट प्रोग्रॅममध्ये कायमची ठेवावी.

पुढे जाण्याआधी तोच ग्रिड एखाद्या खात्रीच्या ग्रंथालयातून चालवून पाहणे शहाणपणाचे आहे.

```python
from skimage.measure import marching_cubes
verts, faces, normals, values = marching_cubes(
    vol, level=300.5, spacing=(1.0, 0.5, 0.5))
```

`spacing` मध्ये आपल्या स्कॅनमधील कापांचे अंतर आणि पिक्सेलचा आकार, ग्रिडच्या अक्षांच्या क्रमाने द्यावेत. या मेशच्या उघड्या बाजू शून्य आल्या आणि तुमच्या मेशच्या येत नाहीत, तर मूल्ये दोषमुक्त आहेत आणि पुढचा शोध तुमच्या प्रोग्रॅममध्येच घ्यायचा आहे.

## चौथी तपासणी : एकाच कडेचा एकच शिरोबिंदू

ग्रिडच्या आतील प्रत्येक कड चार घनांत सामाईक असते. सरळसोट प्रोग्रॅम त्या कडेवरचा शिरोबिंदू प्रत्येक घनात नव्याने काढतो आणि प्रत्येक त्रिकोणासाठी वेगळ्या क्रमांकाने साठवतो. अशा मेशमध्ये कोणताच त्रिकोण कुणाचा शेजारी नसतो. चित्र छान दिसते, मोजणीत मात्र सगळ्या बाजू उघड्या निघतात.

यावर जवळजवळचे शिरोबिंदू एका छोट्या मर्यादेत एकत्र करण्याचा उपाय सर्रास केला जातो. मला तो पसंत नाही. मर्यादा फार लहान ठेवली, तर काही जुळे सुटतात, कारण एका घनाने कड डावीकडून उजवीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडून डावीकडे अंतर्वेशित केली की उत्तराचा शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो. मर्यादा मोठी ठेवली, तर पातळ हाडाचे दोन वेगळे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, आणि मग एका बाजूला तीन-चार त्रिकोण येऊ लागतात.

योग्य उपाय म्हणजे शिरोबिंदूची ओळख त्याच्या स्थानावरून न ठरवता त्याच्या कडेवरून ठरवणे. प्रत्येक कड तिच्या लहान निर्देशांकाच्या टोकाने आणि अक्षाने ओळखता येते, म्हणजे `(i, j, k, axis)`. हा संच शब्दकोशाची किल्ली म्हणून वापरावा. किल्ली आधीच असेल तर जुना क्रमांक घ्यावा, नसेल तरच अंतर्वेशन करावे, आणि तेही नेहमी लहान निर्देशांकाच्या टोकाकडून. मग चार घनांना एकच शिरोबिंदू मिळतो आणि दशांशांचा वाद उरत नाही.

## पाचवी तपासणी : कोपऱ्यांचे आणि कडांचे क्रमांक

चिंधड्या दिसत असतील, तर कारण बहुतेक इथेच असते. बर्क यांच्या कोष्टकात कोपरे ० ते ३ खालच्या पृष्ठावर फेर धरून येतात, ४ ते ७ त्यांच्या वर त्याच क्रमाने. प्रोग्रॅम लिहिणारा मात्र सवयीने x, y, z चे बिट जोडून क्रमांक देतो, आणि त्यात २ व ३ तसेच ६ व ७ यांची अदलाबदल होते. कोष्टकातील कडा अशा आहेत: ० ते ३ खालच्या पृष्ठाच्या, ४ ते ७ वरच्या, आणि ८ ते ११ उभ्या.

हे तपासण्यासाठी आठही कोपरे एकेक करून एकटाच १ करावा. प्रत्येक वेळी बरोबर एक त्रिकोण मिळाला पाहिजे, आणि त्याच्या तिन्ही कडा त्याच कोपऱ्याला मिळणाऱ्या असल्या पाहिजेत. क्रमांक १ साठी कडा ०, ८, ३ येतात, आणि त्या तिन्ही कोपरा ० ला मिळतात. या चाचणीतून आठही सुटले, की गोलाचे मूल्यक्षेत्र बनवून मेश काढावी. शिरोबिंदू वजा बाजू अधिक त्रिकोण ही संख्या २ आली पाहिजे.

## सहावी तपासणी : कोष्टक स्वतःशी सुसंगत आहे का

सगळे पार करूनही विखुरलेली चौकोनी भोके उरली असतील, तर आता मूळ पद्धतीतल्याच एका त्रुटीकडे वळावे लागते. लोरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ च्या लेखात २५६ शक्यता १५ नमुन्यांत बसवल्या. त्यासाठी त्यांनी दोन सममिती वापरल्या: घन फिरवणे, आणि आतले-बाहेरचे कोपरे उलटे करणे. दुसऱ्या सममितीत घोटाळा आहे, आणि मार्टिन ड्यूर्स्ट यांनी १९८८ मध्येच तो दाखवून दिला.

घनाच्या एका पृष्ठाचे चार कोपरे फेरीने A, B, C, D समजा, आणि त्यांची मूल्ये अनुक्रमे ४२०, १८०, ५००, २२० घ्या. पातळी ३०० आहे, म्हणजे A आणि C हाडात, B आणि D बाहेर. हाडाचे कोपरे कर्णावर समोरासमोर आहेत. पृष्ठाच्या चारही कडांवर शिरोबिंदू येतात: AB कडेवर A पासून ०.५ वर, BC वर B पासून ०.३७५ वर, CD वर C पासून सुमारे ०.७१४ वर आणि DA वर D पासून ०.४ वर. हे चार बिंदू दोन रेषाखंडांनी जोडायचे आहेत, आणि जोडण्याच्या रीती दोन आहेत. एका रीतीत A आणि C यांचे कोपरे वेगवेगळे छाटले जातात, म्हणजे हाड दोन तुकड्यांत राहते. दुसऱ्या रीतीत B आणि D छाटले जातात, म्हणजे हाड मधून सलग जाते. शिरोबिंदूंच्या जागा दोन्हीत त्याच असतात.

आता या पृष्ठाच्या डावीकडे असा घन घ्या की ज्याचे उरलेले चारही कोपरे बाहेर आहेत. त्याच्यात हाडाचे कोपरे दोनच, A आणि C. कोष्टक म्हणते, दोघांना वेगळे छाटा. उजवीकडे असा घन घ्या की ज्याचे उरलेले चारही कोपरे हाडात आहेत. त्याच्यात बाहेरचे कोपरे दोन, B आणि D. उलटापालटीच्या सममितीमुळे कोष्टकाला हा घन डाव्यासारखाच वाटतो, आणि ते म्हणते, B आणि D यांना वेगळे छाटा. डाव्या घनाने सामाईक पृष्ठावर A आणि C भोवती दोन रेषाखंड काढले, उजव्याने B आणि D भोवती. चार रेषाखंड, प्रत्येक उघडा, आणि मिळून एक चौकोन. तेच ते भोक.

यावरून ओळखीची खूण मिळते. या कारणाने पडलेल्या भोकाला बरोबर चार उघड्या बाजू असतात, आणि चारही शिरोबिंदू ग्रिडच्या एकाच प्रतलात असतात, म्हणजे त्यांचा एक निर्देशांक समान आणि पूर्णांक असतो. मेशला मिलिमीटरचे माप दिले असेल, तर आधी `spacing` ने भागून पाहावे. ही खूण जुळली नाही, तर कारण हे नव्हे.

इंटरनेटवर फिरणाऱ्या कोष्टकांच्या प्रती कुणी कुठे बदलल्या आहेत, याचा भरवसा नसतो. म्हणून कोष्टकाच्या नावावर विसंबू नये, दोन घनांच्या सर्व शक्यता चालवून पाहाव्यात. शेजारच्या दोन घनांना मिळून १२ कोपरे असतात, म्हणजे शक्यता ४०९६ च. खालील `extract` म्हणजे तुमचेच फलन.

```python
import itertools
import numpy as np

bad = 0
for bits in itertools.product((-1.0, 1.0), repeat=12):
    vol = np.array(bits).reshape(3, 2, 2)
    verts, faces = extract(vol, 0.0)
    for p, q in open_edges(faces):
        if verts[p][0] == 1 and verts[q][0] == 1:
            bad += 1
print(bad)
```

मधल्या पृष्ठावर दोन्ही टोके असलेली उघडी बाजू म्हणजे दोन घनांतला मतभेद. बाहेरच्या पृष्ठांवरील उघड्या बाजू स्वाभाविक आहेत, म्हणून त्या मोजलेल्या नाहीत. हीच चाचणी `reshape(2, 3, 2)` आणि `reshape(2, 2, 3)` घेऊन, निर्देशांक त्यानुसार बदलून, तिन्ही दिशांना चालवावी. तिन्ही वेळा शून्य आले, तर कोष्टक निर्दोष आहे. शून्य आले नाही, तर दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सोपा आहे आणि बहुतेकांना तोच पुरतो. उलटापालटीची सममिती संदिग्ध पृष्ठांच्या बाबतीत वापरायचीच नाही आणि एकच नियम सर्वत्र लावायचा: कर्णावरचे हाडाचे कोपरे नेहमी वेगळे छाटायचे, किंवा नेहमी जोडायचे. मोंतानी, स्कातेनी आणि स्कोपिन्यो यांनी १९९४ मध्ये असे सुधारित कोष्टक दिले. केवळ फिरवण्याची सममिती ठेवली की नमुने १५ ऐवजी २३ होतात. मेश बंद राहण्याची हमी मिळते. वरच्या पृष्ठावर हाड खरोखर सलग आहे की तुटक, हे मात्र असे कोष्टक मूल्ये न पाहताच ठरवते.

दुसरा मार्ग मूल्यांनाच विचारण्याचा आहे. नील्सन आणि हामान यांनी १९९१ मध्ये दाखवले, की पृष्ठावर द्विरेषीय अंतर्वेशन गृहीत धरले, तर समपातळीच्या रेषा अतिपरवलयाच्या दोन शाखा असतात, आणि त्या कोणत्या कोपऱ्यांभोवती वळतात, हे मधल्या खोगीर-बिंदूच्या मूल्यावरून कळते. प्रत्यक्षात दोन गुणाकारांची तुलना पुरते, ज्यात A आणि C हे नेहमी पातळीच्या वरचे कोपरे असतात आणि c ही पातळी.

```python
p = (A - c) * (C - c)
q = (B - c) * (D - c)
joined = p > q
```

आपल्या उदाहरणात p = १२० × २०० = २४,०००, आणि q = (−१२०) × (−८०) = ९,६००. p मोठा आहे, म्हणून हाड सलग आहे. खोगीर-बिंदूचे मूल्य सुमारे ३२७.७ येते, तेही ३०० च्या वर. म्हणजे उजव्या घनाचे बरोबर होते, डाव्याचे चूक.

इथे दोन सूक्ष्म चुका वारंवार दिसतात. पहिली, खोगीर-बिंदूऐवजी चार कोपऱ्यांची सरासरी घेणे. ९००, २९०, ३०१, १०० या मूल्यांची सरासरी ३९७.७५ आहे आणि ती 'जोडा' म्हणते. पण p फक्त ६०० आणि q २,००० असल्याने योग्य निर्णय 'वेगळे ठेवा' हा आहे. सरासरीने मेश फाटत नाही, कारण दोन्ही घन तीच चूक करतात. म्हणूनच ती वर्षानुवर्षे लपून राहते. दुसरी चूक बरोबरीची. ४२०, १८०, ४००, २०० या पृष्ठावर p आणि q दोन्ही १२,००० येतात. A हा नेहमी पातळीच्या वरचा कोपरा न धरता 'त्या घनाच्या यादीतला पहिला कोपरा' धरला असेल, तर एका घनात p आणि q यांची जागा बदलते, बरोबरीचा निकाल उलटा लागतो, आणि भोक पुन्हा पडते. पूर्णांक मूल्यांत अशी बरोबरी दुर्मिळ नाही. पातळी ३००.५ केल्यानेही ती संपूर्ण टळत नाही.

संदिग्धता घनाच्या आतही असते. समोरासमोरच्या दोन टोकाच्या कोपऱ्यांमध्ये बोगदा आहे की नाही, हे सहा पृष्ठांवरून कळत नाही. त्यामुळे भोके पडत नाहीत, पण वस्तूची जोडणी चुकू शकते. चेर्न्याएव यांनी १९९५ मध्ये या शक्यतांसह ३३ नमुने मांडले, आणि लेविने व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यांचा वापरता येईल असा प्रोग्रॅम दिला. वर वापरलेले `marching_cubes` मूलतः त्याच पद्धतीने चालते. हे ३३ नमुने हाताने लिहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१३ मध्येही त्या पद्धतीच्या प्रचलित अंमलबजावणीतील उणिवा दाखवणारा लेख प्रसिद्ध झाला होता.

## सातवी तपासणी : तुकड्यांचे सांधे

मोठा ग्रिड तुकड्यांत चालवत असाल आणि भेगा केवळ सांध्यांवर असतील, तर तुकड्यांनी मूल्यांचा एक थर सामाईक ठेवला आहे का, हे पाहावे. ३२ घनांच्या रांगेला ३३ मूल्ये लागतात. सामाईक थर ठेवूनही, एक तुकडा बारीक आणि शेजारचा जाड ग्रिडचा असेल, तर भेग पडणारच, कारण जाड कडेवर एक शिरोबिंदू आणि तिच्याच जागी असलेल्या बारीक कडांवर वेगळा शिरोबिंदू येतो. त्याला सांधणारे खास घन लागतात. एरिक लेंग्येल यांची ट्रान्सवोक्सेल पद्धत त्यासाठीच आहे.

## कुठे थांबावे

मेश शस्त्रक्रियेच्या नियोजनासाठी, मार्गदर्शक साच्यासाठी किंवा रोपणासाठी जाणार असेल, तर दुसऱ्या तपासणीनंतर थांबावे आणि वैद्यकीय प्रतिमांचे काम करणाऱ्या अभियंत्याकडे व क्ष-किरणतज्ज्ञाकडे ते सोपवावे. भोके आपोआप बुजवणारे साधन अशा मेशवर मुळीच चालवू नये. खोबणीच्या तळातले भोक पातळ हाडामुळे आले की तिथे खरोखर अस्थिभंग आहे, हे त्या साधनाला कळत नाही, आणि ते दोन्ही सारख्याच तत्परतेने बुजवते.

दुसरी थांबण्याची जागा सहाव्या तपासणीनंतरची. चाचणी तिन्ही दिशांना शून्य देते, ग्रंथालयाची मेश बंद आहे, आणि तरी तुमच्या मेशमध्ये उघड्या बाजू किंवा एका बाजूला दोनाहून अधिक त्रिकोण येत असतील, तर दोष बहुधा समांतर चालणाऱ्या धाग्यांत किंवा स्मृतीच्या वापरात आहे. कोष्टकाकडे पुन्हापुन्हा पाहून तो सापडत नाही. संगणकीय भूमितीचे आणि समांतर प्रोग्रॅमिंगचे काम करणारी व्यक्ती गाठावी.

त्या व्यक्तीकडे जाताना पूर्ण स्कॅन नेऊ नये. एका भोकाभोवतीची ४ × ४ × ४ मूल्ये कापून घ्यावीत, आणि तेवढ्या तुकड्यातही भोक पडते का, हे पाहावे. पडत असेल, तर ती ६४ मूल्ये, पातळी, `spacing`, संख्यांचा प्रकार, भोकाच्या उघड्या बाजूंचे निर्देशांक आणि त्यांच्या दोन्हीकडच्या घनांचे ० ते २५५ मधले क्रमांक एका फाइलमध्ये द्यावेत. तुकड्यात भोक पडतच नसेल, तर तेही लिहून द्यावे, कारण त्याचा अर्थ दोष त्या मूल्यांत नसून मोठ्या ग्रिडमधून जाणाऱ्या वाटेत कुठेतरी आहे.